छोटं काम आधी, पण मोठ्याचा नंबर कधी?

एका सर्व्हरसमोर चार कामं एकाच क्षणी येऊन उभी राहिली आहेत. सर्व्हर एका वेळी एकच काम हातात घेतो आणि घेतलेलं काम संपल्याशिवाय सोडत नाही. पहिलं काम ४० मिनिटांचं, दुसरं ६ मिनिटांचं, तिसरं ३ आणि चौथं ११ मिनिटांचं. यादीत ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने ती केली, तर पहिल्याला अजिबात थांबावं लागत नाही, दुसरं ४० मिनिटं थांबतं, तिसरं ४६ आणि चौथं ४९. बेरीज १३५. म्हणजे सरासरी एका कामाला ३३.७५ मिनिटं ताटकळत बसावं लागलं.

आता तीच कामं लहानापासून मोठ्यापर्यंत लावा: ३, ६, ११, ४०. थांबण्याचे वेळ होतात ०, ३, ९ आणि २०. बेरीज ३२, सरासरी ८ मिनिटं. सर्व्हर तोच, कामं तीच, दोन्ही वेळा सगळं आटोपायला बरोबर ६० मिनिटंच लागली. नुसता क्रम बदलला आणि सरासरी वाट पाहणं आधीच्या एक चतुर्थांशाहूनही कमी झालं. या पद्धतीला ‘शॉर्टेस्ट जॉब फर्स्ट’ म्हणतात. पुढे मी तिला ‘छोटं आधी’ असंच म्हणेन.

हे का घडतं ते समजून घ्यायला १३५ हा आकडा वेगळ्या पद्धतीने मोजून बघा. ४० मिनिटांचं काम सगळ्यात पुढे होतं आणि त्याच्या मागे तीन जण होते, म्हणून ते ४० तीनदा मोजले गेले: १२०. त्यानंतरच्या ६ च्या मागे दोघं, म्हणून १२. मग ३ च्या मागे एक, म्हणून ३. शेवटच्या ११ च्या मागे कोणीच नाही. १२० अधिक १२ अधिक ३, झाले १३५. रांगेत पुढे असलेल्या कामाची लांबी त्याच्या मागच्या प्रत्येकाच्या हिशेबात जमा होते. मग सगळ्यात जास्त वेळा मोजला जाणारा आकडा सगळ्यात लहान असावा, हे उघडच आहे.

यापेक्षा चांगला एखादा क्रम कुठे दडलेला असेल का? नाही, आणि त्याची सिद्धता दोन ओळींत होते. कुठल्याही क्रमात एकमेकांना लागून असलेली दोन कामं घ्या, ज्यात मोठं पुढे आणि छोटं मागे आहे. समजा ४० आणि ६. त्यांची अदलाबदल केली तर छोट्याचा ४० मिनिटांचा खोळंबा वाचतो आणि मोठ्याला ६ मिनिटं जास्त थांबावं लागतं. निव्वळ फायदा ३४ मिनिटं. त्या दोघांच्या पुढचे आणि मागचे जे कोणी आहेत त्यांना काहीच फरक पडत नाही, कारण दोघांची मिळून लांबी ४६ च राहते. अशी जोडी जिथे सापडेल तिथे उलटवत जा. उलटवायला एकही जोडी उरली नाही की क्रम आपोआप लहानापासून मोठ्यापर्यंत लागलेला असतो. डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १९५६ साली कारखान्यातल्या एकाच यंत्रावरची कामं कशी लावावीत यावर लिहिताना हाच अदलाबदलीचा युक्तिवाद वापरला होता. त्यांनी त्यात प्रत्येक कामाचं महत्त्वही धरलं होतं. सगळ्यांचं महत्त्व सारखं धरलं की आपला नियम मिळतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. हा निकाल पक्का आहे तो सगळी कामं आधीच रांगेत हजर असतील तेव्हा. कामं मागाहून येत असतील, तर ४० मिनिटांचं काम सुरू झाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला ३ मिनिटांचं काम येऊ शकतं, आणि आपला सर्व्हर हातातलं काम सोडत नसल्याने त्या बिचाऱ्याला ३९ मिनिटं थांबावं लागतं. हातातलं काम मध्येच बाजूला ठेवता येत असेल तर ‘ज्याचं उरलेलं काम सर्वांत कमी, तो आधी’ असा नियम लावतात. पण अहवाल तयार करणं, व्हिडिओ रूपांतरित करणं, मोठी फाइल आयात करणं अशी कामं अर्ध्यावर थांबवणं सहसा परवडत नाही. म्हणून मी इथे हातचं काम न सोडणारा सर्व्हरच धरून चालतो.

रांगेच्या शेवटी बसलेलं काम

काही वर्षांपूर्वी अहवाल तयार करणारी अशीच एक रांग माझ्याकडे होती. आधी ती ‘जो आधी येईल तो आधी’ या पद्धतीने चालायची आणि लोकांची एकच तक्रार असायची, की दोन मिनिटांच्या अहवालासाठी अर्धा तास थांबावं लागतं. मी ‘छोटं आधी’ लावलं. आठवडाभरात तक्रारी थांबल्या, सरासरीचा आलेख खाली आला आणि मी खूश होतो. मग एका दुपारी एका सहकारी बाईंचा फोन आला. “अहो, माझा अहवाल रांगेतून गळाला तर नाही ना? सकाळी कामावर आल्या आल्या टाकलाय.” मी बघितलं तर अहवाल रांगेतच होता, कुठलीही चूक नव्हती. तो फक्त सगळ्यांत मोठा होता. दर वेळी सर्व्हर मोकळा झाला की त्याच्या शेजारी एखादं छोटं काम उभं असायचं, आणि नियमाप्रमाणे तेच उचललं जायचं.

याला स्टार्व्हेशन म्हणतात, म्हणजे कामाची उपासमार. सरासरीत ती दिसत नाही, कारण एका कामाचे तीन तास शंभर कामांत वाटले गेले की माणशी दोन मिनिटंही येत नाहीत. ही सरासरी खोटी नव्हती, पण मी विचारत होतो तो प्रश्न अपुरा होता. तेव्हापासून कुठल्याही रांगेकडे बघताना मी सरासरीच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवतो: या क्षणी रांगेत असलेल्या सर्वांत जुन्या कामाला येऊन किती वेळ झाला. उपासमार होत असेल तर हा आकडा घड्याळाबरोबर सरळ रेषेत वर चढत जातो आणि सरासरी मात्र शांत असते. दोन्ही मिळून वाढत असतील तर तो क्रमाचा दोष नसतो, काम सर्व्हरच्या कुवतीपेक्षा जास्त येत असतं.

हे सगळं एका छोट्या उदाहरणात नीट दिसावं म्हणून आकडे सोपे करून घेऊ. सकाळी ९ वाजता ४० मिनिटांचं एक काम येतं. ९ ते १२ ही गर्दीची वेळ आहे: ९ ला पहिलं आणि मग दर ५ मिनिटांनी एक, अशी ५-५ मिनिटांची छोटी कामं येत राहतात. १२ पासून गर्दी निम्मी होते, म्हणजे दर १० मिनिटांनी एक छोटं काम येतं. खऱ्या रांगेत कामं इतकी शिस्तीत येत नाहीत, पण कारण तेच राहतं.

‘छोटं आधी’ लावलं तर ९ ला छोटं काम सुरू होतं आणि ९:०५ ला संपतं. त्याच क्षणी पुढचं छोटं दारात उभं असतं. ९:१० ला पुन्हा तेच. तीन तास असंच चालतं. १२ ला आलेलं छोटं काम १२:०५ ला संपल्यावर पहिल्यांदाच रांगेत मोठ्या कामाशिवाय कोणी नसतं, आणि १८५ मिनिटं थांबल्यावर त्याचा नंबर लागतो.

यात एक बारकावा आहे. या मोठ्या कामाची सुटका झाली ती छोट्या कामांचा ओघ कमी झाला म्हणून. छोटी कामं सर्व्हरचा सगळाच वेळ खात राहिली, तर ते कधीच सुरू होणार नाही. ओघात मधूनमधून फट पडत असेल तर केव्हा ना केव्हा त्याला जागा मिळते. पण ती केव्हा मिळेल हे त्या कामाच्या हातात नसतं, आणि आपल्याही नसतं. मोठं काम टाकणाऱ्या माणसाला आपण कुठलीही वेळ सांगू शकत नाही, हा खरा प्रश्न आहे.

थांबल्याचं वय

यावरचा उपाय म्हणजे एजिंग. थांबलेल्या कामाला त्याच्या थांबण्याचं वय द्यायचं आणि त्या वयाची किंमत करायची. सर्वांत साधी रीत अशी: निवड करताना कामाची खरी लांबी न बघता तिच्यातून थांबलेल्या प्रत्येक मिनिटामागे थोडी थोडी सूट वजा करायची. सूट मिनिटाला अर्धं मिनिट ठेवली, तर ४० मिनिटांचं काम २० मिनिटं थांबल्यावर निवडीच्या वेळी ३० मिनिटांचं समजलं जातं. काम करायला लागणारा वेळ ४० च राहतो. बदलतो तो फक्त रांगेतला मान. या सुटीच्या दराला मी `k` म्हणतो.

`k` शून्य ठेवला तर निव्वळ ‘छोटं आधी’ उरतं. `k` फार मोठा केला तर लांबीला अर्थच उरत नाही आणि ‘जो आधी येईल तो आधी’ होतं. आपल्याला हवा तो दर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो.

बरेच जण इथे असं समजतात, की आता दर मिनिटाला रांगेतल्या सगळ्या कामांचं वय मोजून नव्याने क्रम लावावा लागणार. मीही पहिल्यांदा तसंच लिहिलं होतं, दर मिनिटाला जागा होऊन सगळी यादी पालथी घालणारा एक प्रोग्रॅम. त्याची काही गरज नव्हती. हिशेब मांडून बघा. कामाची लांबी `S`, ते आल्याची वेळ `A` आणि आत्ताची वेळ `now`. सूट धरून लांबी होते:

```
S - k*(now - A)  =  S + k*A - k*now
```

शेवटचं पद `k*now` रांगेतल्या प्रत्येक कामासाठी सारखंच आहे, कारण घड्याळ सगळ्यांना एकच. तुलना करताना ते गळून जातं. उरतं `S + k*A`, आणि हा आकडा काम येतं त्याच क्षणी ठरतो, पुढे कधीच बदलत नाही. सगळ्यांचं वय एकाच वेगाने वाढत असल्यामुळे त्यांच्यातलं अंतर कायम राहतं. म्हणजे एकदा आकडा काढायचा, रांगेत योग्य जागी ठेवायचा आणि विसरून जायचं:

```python
import heapq

def add(queue, job_id, minutes, arrived, k=0.5):
    key = minutes + k * arrived   # दोन्ही मिनिटांत
    heapq.heappush(queue, (key, arrived, job_id))

def next_job(queue):
    return heapq.heappop(queue)[2]
```

दोन कामांचा आकडा सारखाच आला तर आधी आलेलं पुढे जावं, म्हणून `arrived` दुसऱ्या जागी ठेवला आहे.

या रूपाचा मला सर्वांत आवडलेला फायदा वेगळाच आहे. त्यातून मोठ्या कामाला वेळेची हमी देता येते. आपल्या ४० मिनिटांच्या कामाचा आकडा ४० आहे, कारण ते शून्याव्या मिनिटाला आलं. मागाहून `A` व्या मिनिटाला आलेल्या ५ मिनिटांच्या कामाचा आकडा ५ + ०.५ × `A`. तो ४० च्या खाली असेपर्यंतच छोट्याला पुढे घुसता येईल, म्हणजे `A` ७० च्या खाली असेपर्यंत. ७० व्या मिनिटानंतर आलेलं ५ मिनिटांचं कुठलंही काम या मोठ्या कामाला मागे टाकू शकत नाही, मग अशी कितीही कामं येवोत. जवळजवळ शून्य लांबीचं काम धरलं तरी मर्यादा ४० भागिले ०.५, म्हणजे ८० मिनिटं. कामाची लांबी भागिले `k`: एवढ्या वेळात जे आले तेवढेच पुढे जाऊ शकतात, त्यानंतर दार बंद.

हमी कशाची आहे हे मात्र काटेकोरपणे वाचायला हवं. ८० मिनिटांत काम सुरू होईलच असं ती म्हणत नाही. त्या ८० मिनिटांत दोनशे छोटी कामं येऊन पडली, तर ती सगळी नियमाप्रमाणे पुढे जातील आणि आपलं मोठं काम ती संपेपर्यंत थांबेल. पण पुढे असलेली कामं आता मोजता येतात, त्यांची संख्या वाढत नाही, फक्त घटते. त्या बाईंना मी “यानंतर तुमच्या पुढे कोणी जाणार नाही, आत्ता पुढे एवढं काम आहे” असं सांगू शकलो असतो. ‘छोटं आधी’मध्ये हे वाक्य उच्चारताच येत नाही.

सुटीची किंमत कोण देतं

आता आपल्या सकाळकडे परत. `k` ०.५ असताना ७० व्या मिनिटाला, म्हणजे १०:१० ला, नव्या छोट्या कामाचा आणि मोठ्या कामाचा आकडा बरोबर ४० होतो. आधी आलेलं पुढे, म्हणून मोठं काम सुरू होतं आणि १०:५० ला संपतं. १८५ मिनिटांचं थांबणं ७० वर आलं.

पण या ४० मिनिटांत छोट्या कामांची रांग साचली, आणि गर्दीच्या वेळी सर्व्हरकडे ती उपसायला मोकळा वेळ नाही. दर ५ मिनिटांनी ५ मिनिटांचं नवं काम येतंच आहे. त्यामुळे १०:१० पासून १२ पर्यंत आलेल्या प्रत्येक छोट्या कामाला ४० मिनिटं थांबावं लागतं. १२ नंतर ओघ निम्मा झाल्यावर हा साचलेला खोळंबा दर कामामागे ५ मिनिटांनी कमी होतो आणि १:२० ला आलेल्या कामाला पहिल्यांदा अजिबात थांबावं लागत नाही.

९ ते १:२० या वेळेत आलेल्या सगळ्या ४६ कामांची बेरीज केली, तर ‘छोटं आधी’मध्ये सरासरी थांबणं सुमारे ७ मिनिटं होतं. `k` ०.५ असताना ते २४.६ होतं. `k` अर्धा करून ०.२५ केला, तर मोठं काम १४० मिनिटं थांबतं, ११:२० ला सुरू होतं आणि सरासरी १३.९ येते. आणि मोठ्या कामाला ९ लाच घेतलं असतं, म्हणजे ‘जो आधी येईल तो आधी’, तर सरासरी ३५.२.

माझं उदाहरण जरा निष्ठुर आहे हे मान्य करतो. त्यात सर्व्हर तीन तास काठोकाठ भरलेला आहे, त्यामुळे एकदा साचलेलं काम हलतच नाही. थोडी मोकळीक असेल तर हीच किंमत कितीतरी कमी पडते. पण ती शून्य कधीच नसते, आणि हे झाकून एजिंग शिकवणं मला पटत नाही. ‘छोटं आधी’ने जी सरासरी कमावली होती तिचा एक भाग आपण मोठ्या कामांच्या हमीसाठी खर्च करतो. किती खर्च करायचा ते `k` ठरवतो, आणि तो ठरवायची माझी रीत उलटी आहे: मी आधी विचारतो, की नेहमीच्या सर्वांत मोठ्या कामाच्या पुढे किती वेळ नवे लोक घुसलेले चालतील. ४० मिनिटांच्या कामासाठी उत्तर ‘दोन तास’ असेल, तर `k` = ४० / १२० , म्हणजे साधारण ०.३३. सुरुवातीला एवढं पुरतं; मग सर्वांत जुन्या कामाचं वय आणि सरासरी दोन्ही आठवडाभर बघून थोडं इकडेतिकडे करायचं.

एजिंगचं आणखी एक प्रसिद्ध रूप आहे. पेर ब्रिंच हॅन्सन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत लांबीतून वजाबाकी न करता गुणोत्तर काढतात: थांबलेला वेळ अधिक लांबी, भागिले लांबी. ज्याचं गुणोत्तर मोठं तो आधी. यात `k` निवडण्याची कटकट नाही आणि कल्पना सुंदर आहे: ५ मिनिटांच्या कामाला ५ मिनिटं थांबावं लागलं तर त्याचं गुणोत्तर २ होतं, ४० मिनिटांच्या कामाला तेवढ्यासाठी ४० मिनिटं थांबावं लागतं. प्रत्येकाला आपल्या लांबीच्या मानाने किती सोसावं लागलं, ते मोजलं जातं. पण आपल्या सकाळवर ही पद्धत लावून बघा. ९:०५ ला मोठं काम ५ मिनिटं थांबलेलं आहे, त्याचं गुणोत्तर १.१२५. नुकतंच आलेलं छोटं काम अजून अजिबात थांबलेलं नाही, त्याचं गुणोत्तर १. मोठं काम लगेच ९:०५ ला सुरू होतं आणि सरासरी ३४.५ वर जाते, ‘जो आधी येईल तो आधी’च्या अगदी जवळ. छोट्यांचं गुणोत्तर झपाट्याने वाढतं खरं, पण त्यासाठी त्यांना आधी थोडं तरी थांबावं लागतं. जे येताक्षणीच निवडीला उभे राहतात त्यांना तो फायदा मिळत नाही. शिवाय इथे प्रत्येकाचं वय वेगळ्या वेगाने वाढतं, म्हणून आकडा एकदा काढून ठेवता येत नाही, दर निवडीला सगळ्यांचा नव्याने काढावा लागतो.

लांबी आधी कळणार कशी

इथपर्यंत मी धरून चाललो की कामाची लांबी माहीत आहे. प्रत्यक्षात ती कोणीच आधी सांगत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासात यासाठी मागच्या अनुभवावरून अंदाज बांधतात: नवा अंदाज म्हणजे मागचा अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ यांचं मिश्रण. दोन्हींना अर्धं अर्धं वजन दिलं, अंदाज २० होता आणि प्रत्यक्षात ८ लागले, तर पुढचा अंदाज १४. पुन्हा ८ लागले तर ११, मग ९.५. अंदाज हळूहळू खऱ्याकडे सरकतो आणि एखादं वेगळं काम मध्येच आलं तर तोल थोडाच ढळतो. अहवालांच्या रांगेत मी हेच प्रत्येक प्रकारच्या अहवालासाठी वेगळं ठेवतो.

मोठ्या संगणक-समूहांवर माणसालाच विचारतात, की तुझ्या कामाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल. लहान आकडा सांगून पुढे जाण्याचा मोह होऊ नये म्हणून सांगितलेली वेळ संपली की काम बंद पाडलं जातं. अशा समूहांवर खूप वापरल्या जाणाऱ्या स्लर्म या प्रणालीत एजिंगही आहे: कामाच्या प्राधान्यात त्याच्या वयाला किती वजन द्यायचं ते `PriorityWeightAge` ठरवतं, आणि `sprio` ही कमांड दिली की रांगेतल्या कामाच्या प्राधान्यात वयाचा वाटा किती तो स्वतंत्र रकान्यात दिसतो. तिथे `PriorityMaxAge` नावाची एक मर्यादाही आहे, ठरवून न दिल्यास ७ दिवस. त्यानंतर वयाचा वाटा वाढत नाही. इतर घटकांचं वजन वयाच्या वजनापेक्षा खूप जास्त ठेवलं असेल, तर आठव्या दिवशीही काम मागेच राहू शकतं आणि त्यानंतर त्याला वर ढकलणारं काही उरत नाही. वयाला मर्यादा घातली की आपण वर काढलेली हमीही त्या मर्यादेपुरतीच राहते.

अंदाज चुकला तर काय बिघडतं? मोठं काम छोटं समजलं गेलं तर ते पुढे घुसतं आणि मागच्या सगळ्यांचा खोळंबा होतो. छोटं काम मोठं समजलं गेलं तर ते एकटंच मागे राहतं. पहिली चूक जास्त महाग, कारण तिची किंमत रांगेतला प्रत्येक जण देतो. दुसऱ्या चुकीवर एजिंग आपोआप औषध ठरतं, कारण चुकीने मागे टाकलेलं कामही वयाने पुढे सरकतंच.

माझ्या हातून झालेल्या दोन चुका

पहिली चूक एककांची. माझ्या रांगेत कामाची लांबी मिनिटांत होती आणि काम आल्याची वेळ डेटाबेसमधून सेकंदांत येत होती. `k` मी ०.५ लिहिला, पण सेकंदाला अर्धं मिनिट म्हणजे मिनिटाला ३० मिनिटं सूट. ४० मिनिटांचं काम दीड मिनिट थांबलं की नुकत्याच आलेल्या कुठल्याही कामाच्या पुढे. एजिंग लावलं त्या दिवशीच सरासरी पूर्वीच्या जागी गेली आणि मला वाटलं, गर्दी वाढली असेल. उलगडा झाला तो कामं ज्या क्रमाने आली आणि ज्या क्रमाने सुरू झाली त्या दोन याद्या शेजारी ठेवल्यावर. दोन्ही जवळजवळ एकसारख्या होत्या. `k` फार मोठा असल्याची ही खूण आहे. उलट चूकही होऊ शकते: लांबी मिलिसेकंदांत आणि वेळ सेकंदांत घेतली, तर सूट हजारपट कमी पडते, एजिंग लावलेलं असूनही नसल्यासारखं होतं, आणि सर्वांत जुन्या कामाचं वय पुन्हा सरळ रेषेत चढू लागतं.

दुसरी चूक सापडायला जास्त वेळ लागला. काही मोठे अहवाल मध्येच बंद पडायचे, कारण डेटाबेसशी असलेला संपर्क तुटायचा, आणि माझा प्रोग्रॅम त्यांना पुन्हा रांगेत टाकायचा. पुन्हा टाकताना नवी नोंद तयार व्हायची आणि तिच्यावर त्या क्षणाची वेळ पडायची. म्हणजे तासभर थांबून नंबर लागलेलं, नंतर पडलेलं काम पुन्हा नुकतंच जन्मल्यासारखं रांगेच्या शेवटी जायचं, आणि कमावलेलं सगळं वय गमवायचं. जितकं काम लांब, तितकं ते मध्ये पडण्याची शक्यता जास्त, म्हणून हा फटका नेमका मोठ्या कामांनाच बसायचा. गंमत अशी, की सर्वांत जुन्या कामाच्या वयाचा माझा आकडाही फसत होता, कारण तोही तीच नवी वेळ वाचत होता. आता प्रत्येक नोंदीवर मी दोन वेळा ठेवतो: काम पहिल्यांदा आलं ती, आणि शेवटचं रांगेत टाकलं ती. एजिंग आणि जुन्या कामाचं वय हे दोन्ही पहिल्या वेळेवरून मोजले जातात. मात्र तीनदा पडलेलं काम रांगेतून बाजूला काढून माणसाच्या नजरेखाली आणतो, कारण मूळ वेळ जपलेलं, दर वेळी पडणारं काम आपल्या वयाच्या जोरावर पुन्हा पुन्हा पुढे येतं आणि बाकीच्यांचा नंबर अडवून धरतं.